हेतू आणि अधिकार : सामाजिक उद्योजकाच्या आत्मकथनपर परिच्छेदाची संहिता

सामाजिक उद्योगासाठी लोकांकडून निधी मागताना उद्योजक स्वतःविषयी जो छोटा परिच्छेद लिहितो, त्याला वाङ्मयप्रकार मानावे की नाही, हा प्रश्न अद्याप फारसा विचारला गेलेला नाही. हे लेखन आत्मचरित्र नव्हे, कारण त्याला आयुष्याचा विस्तार नाही. ते अर्जही नव्हे, कारण त्यात भावनेला स्थान आहे. शे-दीडशे शब्दांत त्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हे काम मी का हाती घेतले, आणि ते करण्याचा मला अधिकार कोणता? पहिले उत्तर हेतूचे, दुसरे पात्रतेचे. वरवर पूरक वाटणारी ही दोन उत्तरे प्रत्यक्षात परस्परविरोधी दिशांनी ओढतात. हेतू सांगणारा ‘मी’ एखाद्या दर्शनाने हादरलेला, काहीसा असहाय असतो. पात्रता सांगणारा ‘मी’ मात्र सिद्ध आणि जाणता असतो. या दोन ‘मीं’चा सांधा ज्या वाक्यात जुळवला जातो, त्या वाक्यात या लेखनप्रकाराची खरी कसोटी असते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

यासाठी मुहंमद युनूस यांची जोब्रा गावची कथा घेऊ. ही कथा आपल्याला किमान दोन रूपांत उपलब्ध आहे. 1997 मध्ये प्रथम फ्रेंचमध्ये आणि त्यानंतर इंग्रजीत आलेल्या आत्मकथनात ती विस्ताराने येते. डिसेंबर 2006 मध्ये ऑस्लो येथे दिलेल्या नोबेल व्याख्यानात तीच कथा काही वाक्यांत आटोपते. हे दुसरे रूप आपल्या परिच्छेदाच्या अगदी जवळचे आहे. 1974 च्या दुष्काळात वर्गात अर्थशास्त्राचे सुबक सिद्धांत शिकवणे कठीण झाले. विद्यापीठालगतच्या गावात सावकाराकडून डॉलरहूनही कमी रक्कम घेऊन त्याच्याच बंधनात राबणारी एक स्त्री भेटली. अशा ऋणकोंची यादी केली, तेव्हा 42 नावे आणि एकूण 27 डॉलर एवढे कर्ज निघाले. ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली.

दोन्ही रूपे शेजारी ठेवली की लघुरूपात काय गळाले ते दिसते. आत्मकथनात बांबूची बैठी आसने विणणारी ती स्त्री पाच टाक्यांचा बांबू उसना घेते आणि विणलेले आसन सावकारालाच विकून तिच्या हाती पन्नास पैसे उरतात. 42 जणांचे एकूण कर्ज तेथे 856 टाके असे सांगितले आहे. व्याख्यानात टाका हे चलनच नाहीसे होते. 27 डॉलरना 42 ने भागले, तर माणशी सुमारे 64 सेंट येतात; ऑस्लोतील श्रोत्याला ही रक्कम आपल्याच खिशाने मोजता येते. गावच्या मापाने मात्र पाच टाके म्हणजे दहा आसनांची कमाई होती. चलनाचे हे भाषांतर निरुपद्रवी नाही. ते कर्जाचे ओझे हलके करून दात्याची शक्ती मोठी करते.

दुसरी गळती अधिक अर्थपूर्ण आहे. आत्मकथनानुसार यादी करण्याचे काम एका विद्यार्थिनीकडे सोपवले होते. व्याख्यानात यादी करणारा ‘मी’ एकटाच उरतो. शिवाय या भेटीपूर्वी युनूस जोब्रातच तिहेरी वाटणीच्या सामूहिक शेतीचा प्रयोग करत होते. लघुरूपात हा काळ नाही. दुष्काळावरून कथा थेट त्या स्त्रीपाशी येते. हादरण्याचा क्षण उठून दिसावा म्हणून अनुभवाने मिळवलेली पात्रता पडद्याआड जाते. एरवी निधी मागणारा माणूस पदव्यांची जंत्री देतो, पण येथे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाची डॉक्टरेट आणि प्राध्यापकपद ही भूषणे निरुपयोगी ज्ञानाची खूण म्हणून येतात. पात्रतेचा उच्चार तिच्या नकारातून होतो. ‘मला शिकवले ते कुचकामी ठरले’ असे म्हणणारा माणूस बरेच शिकलेला आहे, हे वाचकाने न सांगता ओळखायचे असते.

मात्र नाकारलेली पात्रता कथेत पुन्हा परतते, आणि सांधा नेमका येथे आहे. विद्यापीठाच्या आवारातील बँकेने गरिबांची पत नाही म्हणून कर्ज नाकारले, तेव्हा युनूस स्वतः जामीन राहिले. आत्मकथनाप्रमाणे बरीच लिखापढी होऊन डिसेंबर 1976 मध्ये जनता बँकेचे कर्ज मिळाले. बँकेने कोणाची सही मानली? गरिबांची पत नसते हे गृहीतक मोडण्यासाठी प्राध्यापकाची पत कामी आली. सिद्धांत वर्गात निरुपयोगी ठरला असेल, पण त्याने मिळवून दिलेले पद बँकेच्या खिडकीशी चांगलेच उपयोगी पडले. ‘जामीन’ या एका शब्दात हेतू आणि अधिकार एकत्र येतात. तरीही कथा त्या शब्दावर थांबत नाही. लगेच वेळेवर झालेल्या परतफेडीकडे वळते.

या कथेचा पुढील प्रवास तौलनिक अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे. 2003 मध्ये स्टॅनफर्ड येथे युनूस यांचे भाषण ऐकून जेसिका जॅक्ली प्रभावित झाल्या आणि 2005 मध्ये ‘किवा’ ही ऑनलाइन कर्जसाहाय्य देणारी संस्था उभी राहिली. जॅक्ली यांच्या स्वतःच्या प्रेरणाकथेत ते भाषण ऐकणे हाच एक प्रसंग आहे. म्हणजे प्रत्यक्ष दर्शनाची जागा दर्शनाच्या कथेने घेतली. वाङ्मयप्रकार रूढ होतो तो असाच, आधीच्या संहितेला नव्या संहितेचे कारण बनवून.

मराठीत याला समांतर अशी जुनी परंपरा आहे. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते संस्थांसाठी दारोदार वर्गणी मागणारे गृहस्थ म्हणून सर्वज्ञात होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन ही त्यांची औपचारिक पात्रता होती. परंतु देणगीदारापुढे ती दुय्यम होती. 1893 मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, मुरूडकरांचा बहिष्कार सोसला आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. येथे सांधा दर्शनाने नव्हे, तर मोजलेल्या किमतीने जुळतो. विधुराने केलेल्या विवाहात वैयक्तिक गरज होतीच. हेतू निर्भेळ नव्हता, म्हणून तो अविश्वसनीय ठरत नाही. जोब्राच्या कथेत मात्र रक्कम जितकी क्षुल्लक, तितका परिणाम प्रभावी. एक संहिता ‘मला हे महाग पडले’ असे सांगते, तर दुसरी ‘तुम्हांला हे स्वस्त पडेल’ असे.

या भेदातून समीक्षेला दोन निकष मिळतात. परिच्छेदातील हेतूचा प्रसंग काढून टाकला, तर पात्रता त्याच कामाची उरते का? पदवी कोणत्याही कामाला जोडता येत असेल, तर सांधा कच्चा आहे. दुसरा निकष असा की, ज्या व्यक्तीच्या दर्शनाने कथा सुरू झाली, ती पुढे कोठे जाते? 2010 मध्ये टॉम हाइनेमान यांच्या माहितीपटाने सूक्ष्मकर्जाची, त्यातही जोब्राच्या आद्यकथेची फेरतपासणी केली, तेव्हा अखेर याच प्रश्नाला हात घातला गेला. त्या माहितीपटाचे निष्कर्ष वादग्रस्त ठरले, तरी प्रश्न संहितेतच होता. कारण व्याख्यानातील लघुरूपात ती स्त्री एकदाच येते, नावावाचून, आणि यादीतील 42 नावांत विरून जाते. निवेदकाच्या पात्रतेची पहिली साक्षीदार तीच. तिची साक्ष मात्र आपल्यापर्यंत निवेदकाच्याच शब्दांत पोहोचते. निधी मागणाऱ्या आत्मकथनाची ही मर्यादा पुसता येणार नाही. पण वाचकाने ती ओळखली, तर सहानुभूती आणि विश्वास या दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या तोलता येतील.