खोडलेले उत्तर

मंडळाकडे आलेल्या कथांपैकी एका कथेविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. आदिलाबादकडील दहावीची एक विद्यार्थिनी गणिताचा पेपर देऊन घरी येते. रात्री वही उघडल्यावर तिच्या ध्यानात येते, की आपण खोडलेले पहिलेच उत्तर बरोबर होते. कथानक एवढेच.

प्रश्न असा : नाणे दोनदा उडवले, तर निदान एकदा छाप पडण्याची संभाव्यता किती? छाप-छाप, छाप-काटा, काटा-छाप, काटा-काटा या चारांपैकी तीन अनुकूल, म्हणून मुलगी ३/४ लिहिते. मग तिला वाटते, पहिल्यांदाच छाप पडली तर दुसऱ्यांदा नाणे उडवावे कशाला? शक्यता तीनच उरल्या : छाप, काटा-छाप, काटा-काटा. ती रेघ ओढून २/३ लिहिते. या तीन शक्यता समान नाहीत, ही तिची चूक. पहिलीचा वाटा १/२, उरलेल्या दोहोंचा प्रत्येकी १/४. अनुकूल दोहोंची बेरीज पुन्हा ३/४ च होते. नेमकी हीच चूक १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेर या थोर गणितज्ञानेही केली होती.

हा प्रसंग लेखिकेने उत्तम रंगवला आहे. मात्र शेवटी आजी नातीला सांगते, “मनाचा पहिला कौलच खरा असतो, बाळ,” आणि कथा तेथेच विसावते. आमचा आक्षेप येथे आहे. मुलीने खोडले ते घाबरून नव्हे, विचार करून. तो विचार अपुरा राहिला. कथेने मात्र विचार करण्यालाच दोषी ठरवले.

अनुभवही आजीच्या बाजूने नाही. क्रूगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इलिनॉय विद्यापीठातील १,५६१ विद्यार्थ्यांच्या पर्यायी प्रश्नांच्या उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबर झाली होती, तर २५ टक्के बरोबरवरून चुकीची. तरीही आजीचा समज टिकून राहतो, कारण बदलून सुधारलेले उत्तर आपण विसरतो. हातचे गेलेले उत्तर मात्र जन्मभर सलते. अर्थात हे निष्कर्ष पर्यायी प्रश्नांचे आहेत, रीत लिहून सोडवायच्या गणिताचे नव्हेत.

हे सलणेच कथेचा खरा विषय होऊ शकले असते. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात राहिलेल्या आपल्या घरांतूनही ‘तेव्हा तिकडेच राहिलो असतो तर’ हे वाक्य ऐकू येते. आजीच्या तोंडी ते शोभलेही असते, आणि नातीने वही पुढे करून चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली, हे तिला दाखवले असते. लेखिकेने कथेचा शेवट पुन्हा लिहावा. तोवरच्या ओळी मात्र खोडू नयेत.