आण्याचे पत्रक, इंग्लंडचा हॉल

आणे घाट चढून कल्याण-नगर रस्त्याने पठारावर आले की आमचे गाव लागते. बाहेरगावचे लोक आणे ओळखतात ते रंगदास स्वामींच्या यात्रेमुळे आणि तिथल्या आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळे. मला मात्र गावाची आणखी एक कला आठवते, क्रिकेटच्या स्पर्धेचे पत्रक लिहिण्याची. वर ‘श्री रंगदास स्वामी प्रसन्न’, खाली ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’, मग प्रवेश फी, बक्षिसे, नियम व अटी आणि शेवटी ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’. ही कला इंग्लंडच्या थंडीत आमच्या मंडळातली पोरे जपताहेत. फरक एवढाच की कापणी झालेल्या शेताऐवजी चार बॅडमिंटन कोर्टांचा बंदिस्त हॉल आहे आणि खेळ बॉक्स क्रिकेटचा आहे.

जुने पत्रक इथे जसेच्या तसे चालत नाही, हे पहिल्याच वर्षी कळले. गावी ‘सामने सकाळी ठीक 8 वाजता’ असे छापायचे आणि नाणेफेक दहाला व्हायची. इथे वेळ संपली की हॉलवाला दिवे मालवतो. म्हणून आता आधी वेळापत्रक बसते, मग नियम ठरतात. संघ आठ, गट दोन. प्रत्येक गटात सहा साखळी सामने, म्हणजे बारा. दोन उपांत्य आणि एक अंतिम धरून पंधरा. पाच षटकांच्या सामन्याला डाव बदलण्यासकट 40 मिनिटे धरली तर पंधरा सामन्यांना दहा तास लागतात. जाळी बांधायला अर्धा तास, बक्षीस समारंभाला अर्धा तास. हॉल सकाळी 9 ते रात्री 8 लागतो. सहा षटकांचा मोह केला की अंतिम सामना अंधारात जातो. म्हणूनच पत्रकात ‘दहा मिनिटे उशीर झाल्यास समोरच्या संघाला पुढे चाल’ हे ठळक छापलेले असते.

थेट बाद पद्धतीने खेळवले तर सातच सामन्यांत काम उरकते. पण फी भरून, दोन तास गाडी चालवून आलेला संघ एका सामन्यात परत जातो आणि पुढच्या वर्षी येत नाही. साखळीत प्रत्येकाला तीन सामने नक्की मिळतात.

फीचे गणितही गावापेक्षा वेगळे. गावी प्रत्येक बक्षिसापुढे कुणाचे तरी ‘सौजन्य’ असते, फीतून मैदानाचा खर्च निघाला की झाले. इथे सौजन्य मिळेलच असे नाही. समजा हॉलचे भाडे तासाला 50 पौंड आहे. अकरा तासांचे 550 झाले. चेंडू, चषक, चहा आणि प्रथमोपचार मिळून 170. पहिले बक्षीस 150 आणि दुसरे 75. एकूण 945. आठ संघांकडून प्रत्येकी 120 घेतले तर 960 जमतात, पंधरा पौंड उरतात. पण सहाच संघ आले तर 720 जमतात आणि आयोजकांच्या खिशाला 225 ची चाट बसते. म्हणून निम्मी फी नोंदणीबरोबरच घ्यायची आणि बक्षिसापुढे ‘आठ संघ पूर्ण झाल्यास’ एवढे तीन-चार शब्द घालायचे.

नियमांत भांडण लागते ते भिंतीवरून आणि छतावरून. भिंतीला लागून उडालेला झेल बाद की नाबाद? छताला लागलेला चेंडू मृत की चालू? प्रत्येक हॉलात उत्तर वेगळे, म्हणून ते पत्रकातच हवे. आमचे ठरलेले असे: भिंतीवरून झेल नाबाद, छताला लागला की चेंडू मृत, पायचीत नाही, एका गोलंदाजाला एकच षटक.

दुसरे भांडण धावगतीचे. एका संघाने पाच षटकांत 40 केल्या. समोरचा तीन षटकांत 30 वर सर्वबाद झाला. 30 ला तीनने भागले तर हरलेल्याची धावगती 10 येते आणि जिंकलेल्याची 8. म्हणून सर्वबाद संघाची पूर्ण पाच षटके धरायची, तेव्हा ती 6 येते. हे वाक्य एका वर्षी पत्रकात घालायचे राहून गेले आणि उपांत्य फेरी अर्धा तास अडली.

यंदाचे पत्रक तयार करताना एका तरुणाने विचारले, “काका, वरची ‘प्रसन्न’ची ओळ काढू का? जागा वाचेल.” मी म्हणालो, “जागा हवी तर माझे नाव काढ.” ओळ राहिली आहे, नियमही राहिले आहेत. संघप्रमुखांनी नोंदणीपूर्वी पत्रक शेवटपर्यंत वाचावे आणि हॉलच्या फरशीवर डाग न पाडणारे बूट घालून वेळेवर यावे, ही विनंती.