टीएजी-२४: भुईमुगाच्या झाडाचे वाचन

टीएजी-२४ या भुईमुगाचे झाड उपटून हातात घ्या. ठेंगणे, आटोपशीर झाड, लहान गर्द हिरवी पाने आणि बुडाशी दाटून लागलेल्या शेंगा. झाडाने पाल्यावर कमी खर्च केला आणि दाण्यावर जास्त, हेच या वाणाचे सौंदर्य. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या ठिकाणांची आद्याक्षरे त्याच्या नावात आहेत. १९९१ साली तो शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला.

या घराण्याची सुरुवात क्ष-किरणांपासून होते. ट्रॉम्बेला 'स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड' या जुन्या वाणाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडले गेले आणि त्यातून मोठ्या दाण्याचा टीजी-१ निवडला गेला. तो १९७३ मध्ये आला. पण किरण दाणा मोठा करत नाहीत. ते डीएनएची साखळी कुठेही तोडतात आणि पेशी ती दुरुस्त करताना चुकते. बहुतेक चुका झाडाला मारकच असतात. मात्रा कमी पडली तर बदल विरळ मिळतात, जास्त झाली तर रोपे खुरटतात, मरतात किंवा वांझ निघतात.

मला खरी कला दिसते ती निवडीत. किरण दिलेल्या बियांचे पहिले पीक सहसा काहीच सांगत नाही. बदल बहुधा अप्रभावी असतो, जोडीचा धड जनुक त्याला झाकून ठेवतो. शिवाय कोरड्या दाण्यातल्या गर्भात फांद्यांचे कोंब आधीच तयार असतात, त्यामुळे बदल एखाद्या फांदीपुरताच उतरू शकतो. म्हणून प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या ठेवायच्या आणि पुढच्या हंगामात झाडागणिक एक ओळ पेरायची. या दुसऱ्या पिढीत पांढरी, पिवळी रोपे दिसू लागली की किरण लागू पडले असे समजावे. ती रोपे जगत नाहीत. मात्र त्याच वावरात एखादे ठेंगणे किंवा मोठ्या शेंगेचे झाड उभे असते.

पण ते झाड खरेच बदललेले आहे, की त्याला फक्त जागा आणि खत जास्त मिळाले? याचा निवाडा तिसऱ्या पिढीत होतो. त्याच्या दाण्यांची सगळी ओळ तशीच निघाली तर बदल खरा, नाहीतर झाड बाद. भुईमुगात अडचण आणखी वाढते. दोन रानटी जातींचे गुणसूत्रसंच त्याच्यात एकत्र आहेत, म्हणून एका संचातला बदल दुसरा संच लपवू शकतो. असे बदल क्वचितच डोळ्यांना दिसतात.

त्यामुळे टीएजी-२४ थेट किरणांतून निघाला नाही. ट्रॉम्बेच्या पैदासकारांनी निवडलेले बदल एकमेकांशी संकर करून जोडत नेले आणि त्या संकरांच्या संततीतून हे झाड निवडले. उन्हाळी भुईमुगात ते महाराष्ट्रभर पसरले.

उपट्या भुईमुगाचे ताजे दाणे काढणीच्या वेळी पाऊस आला तर जमिनीतच उगवतात. याच घराण्यातल्या टीजी-२६ मध्ये सुमारे २० दिवसांची सुप्तावस्था आहे. काढणी पावसात सापडणार असेल तर बियाणे घेताना सुप्तावस्थेची चौकशी जरूर करा.