निव्वळ काळा की गडद राखाडी?

मंडळी, ओएलईडी पडद्यावरचा काळा म्हणजे रंग नव्हेच. तिथला पिक्सेल चक्क विझलेला असतो. म्हणून बॅटरी वाचते, हे खरं. पण रात्री ब्राइटनेस अगदी उतरवा आणि निव्वळ काळ्यावर एखादी यादी भरभर सरकवून बघा. अक्षरांमागे फराटा ओढल्यासारखा दिसतो. विझलेल्या पिक्सेलला उजळायला, मंद तेवणाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो ना!

गूगलच्या मटेरियल डिझाइनने सुचवलेला राखाडी आहे #121212. त्यात पिक्सेल पूर्ण विझत नाही, फराटा बराच कमी होतो, आणि वीज काळ्याहून किंचितच जास्त जाते. मग शुद्धतेचा एवढा हट्ट कशाला? (हे सोवळं तत्त्वज्ञानातही फार पाहिलंय.) शिवाय काळ्यावर शुभ्र अक्षरं दृष्टिवैषम्य असलेल्यांना पसरट दिसतात. वाचायला मी राखाडीच घेतो. पडद्यावर नुसतं घड्याळ ठेवायचं असेल, तर काळा खुशाल ठेवा. तिथं काही सरकतच नाही.