कथासार आणि प्रक्षेपण : ‘रामायण’ मालिकेच्या निमित्ताने

मालिकेचे छापील कथासार आणि प्रत्यक्ष दाखविलेला भाग यांत विरोध आढळला, की अभ्यासक सारलेखकास दोष देऊन मोकळा होतो. वस्तुतः ते सार केव्हा आणि कशावरून लिहिले गेले, हा प्रश्न आधीचा आहे. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत तो ठळकपणे पुढे येतो.

मालिका प्रथम 52 भागांची योजिलेली होती. 25 जानेवारी 1987 रोजी ती सुरू झाली आणि मुदतवाढ मिळत मिळत 31 जुलै 1988 रोजी 78 व्या भागाने संपली. योजनेच्या वेळचे सार या भागक्रमाशी जुळणे शक्य नाही. ते हेतूचा पुरावा आहे, प्रक्षेपणाचा नव्हे. अशा लेखनाची भाषाच पुष्कळदा त्याची चुगली करते : ‘करणार’, ‘करील काय?’ अशी रूपे पाहिल्यानंतर लिहिणाराच्या हातून सहसा येत नाहीत.

खरी गुंतागुंत सीतेच्या धरणीप्रवेशाची. एखाद्या सारात तो ‘रामायण’च्या अखेरीस नोंदविलेला दिसला, तर ते चूक आहे; 78 भागांची कथा राज्याभिषेकाशी थांबते. लवकुशांची कथा ‘उत्तर रामायण’ या निराळ्या मालिकेत पुढे आली. मात्र 2020 च्या टाळेबंदीत 28 मार्चला सुरू झालेले पुनःप्रक्षेपण 18 एप्रिलला संपले आणि लगेच 19 तारखेपासून ‘उत्तर रामायण’ दाखविले गेले. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती त्या काळी रविवारी सकाळी मालिका पाहिलेले आजोबा आणि 2020 मध्ये रोज दोन भाग पाहणारा, आता हिंगोली जिल्ह्याचा रहिवासी असलेला त्यांचा नातू, एकाच घरात मालिकेचे दोन शेवट सांगू शकतील. दोघेही प्रामाणिकच असतील.

मग पुनःप्रक्षेपण पाहून निर्णय द्यावा काय? एका अंगानेच. एखादा प्रसंग त्यात असेल, तर तो चित्रित झाला होता हे सिद्ध होते. नसेल, तर 1987–88 मध्येही नव्हता असे ठरत नाही, कारण पुनःप्रक्षेपणात काटछाट होऊ शकते. तेथे त्या आठवड्यातील, भाग पाहून लिहिलेला दिनांकित वृत्तान्त अधिक मोलाचा. वृत्तपत्रातील कार्यक्रमपत्रिकेला तो मान देता येत नाही. तीही आगाऊच छापलेली असते.

साक्षींची संख्या मात्र फसवी असते. महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेतील संपादकांनी हस्तलिखिते केवळ मोजली नाहीत, त्यांची कुळे लावली. येथेही पाच सारांत एखाद्या पात्राचे नाव एकाच विचित्र तऱ्हेने चुकलेले दिसले, तर ती पाच मिळून एकच साक्ष होय, आणि तिचे मूळ शोधावयास हवे.