बारशातला आशीर्वाद आणि ‘पुत्रनामा’

लोणार तालुक्यातील बीबी येथे एका माळकरी घरी नातीचे बारसे होते. आत्याने बाळाच्या कानात ‘मुक्ता’ हे नाव सांगितले, पाठीवर धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. मग घरच्यांनी कीर्तनकार महाराजांना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायची विनंती केली. महाराजांनी एक संस्कृत श्लोक म्हटला आणि जमलेल्या सोयऱ्याधायऱ्यांना त्याचा अर्थ सांगितला. हे लिहिणे त्या अर्थाविषयी आहे.

श्लोक फार चांगला निवडला होता. कौषीतकी उपनिषदात तो बापाच्या तोंडी आहे. परगावाहून घरी परतलेला बाप लेकराच्या डोक्याला हात लावतो आणि म्हणतो, की हे माझ्या अवयवा-अवयवातून आणि हृदयातून जन्मलेले आहे, ‘पुत्र’ नावाने वावरणारा हा माझाच आत्मा आहे, त्याने शंभर शरद ऋतू पाहावेत. एवढे म्हणून तो लेकराचे नाव घेतो, डोके हुंगतो आणि गाय वासराकडे पाहून हंबरते तसा हुंकार देतो. वारीहून घरी आल्यावर लेकराला प्रथम उचलून घेणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. श्लोक मुळात परतलेल्या बापाचा असला, तरी त्या विधीत नाव घेतले जाते. म्हणून बारशाला तो शोभतो.

महाराजांनी पहिला चरण फोड करून सांगितला. अंगाअंगातून म्हणजे कसे, हे सांगताना त्यांनी बाळाचे नाक आजोबांच्या नाकाशी जुळवले, आणि बाया हसल्या. येथवर सारे ठीक होते. पुढे ‘पुत्रनामा’ हा शब्द आला. महाराज म्हणाले, “पुत् नावाचा नरक आहे. त्यातून तारतो तो पुत्र.” मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, “पुढच्या खेपेला पांडुरंग तोही देईल.” पाळण्याशी बसलेल्या आजीने मान खाली घातली. बाळाच्या आईचे तोंड मला दिसले नाही.

नरकाची ही व्युत्पत्ती खोटी नाही. ती मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे आणि यास्कांच्या निरुक्तातही आहे. निरुक्तात मात्र ती एकटी नाही, ‘पुत्र’ शब्दाच्या दुसऱ्या उकली तिच्या आधी दिल्या आहेत. आणि या श्लोकात तर नरक नाहीच. तारण्याचे क्रियापदही कोठे नाही. ‘पुत्रनामा’ हा सरळ समास आहे: पुत्र हे ज्याचे नाव आहे, असा. कशाचे विशेषण? आत्म्याचे. आत्मा शब्द संस्कृतात पुल्लिंगी, म्हणून ‘नामा’ही पुल्लिंगी. ‘पुंनाम’ नरक आणि ‘पुत्रनामा’ हे उच्चाराने जवळचे आहेत, त्यामुळे पाठांतरात एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो. ही चूक ओळखायला सोपी खूण आहे: सांगितलेल्या अर्थातला प्रत्येक शब्द श्लोकात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. ‘नरक’ दाखवता येत नाही.

याहून मोठी गोष्ट निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायात आहे. बापाच्या संपत्तीचा वाटा मुलीला मिळावा की नाही, हा वाद तेथे चालला आहे. मुलगा-मुलगी असा भेद न करता दोघांनाही वाटा आहे, असे म्हणणाऱ्या पक्षाने आधार म्हणून पुढे केलेला श्लोक हाच! अंगाअंगातून मुलगा जन्मतो तशी मुलगीही जन्मते, हे त्याचे कारण. मुलींना वाटा नाही, असे म्हणणारा पक्षही यास्कांनी तेथेच दिला आहे, तो लपवू नये. पारस्कर गृह्यसूत्रही मुलीचे डोके मंत्राशिवाय, मुकाट्याने हुंगायला सांगते. तेव्हा जुन्या ग्रंथांत सगळे एकमुखी होते असे नाही. पण हा श्लोक मुलीच्या पाळण्याशी म्हणणाऱ्याला आधार हवा असेल, तर तो इतका जुना आहे. (त्याच सूत्रात मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे असे आहे. त्या हिशेबाने ‘मुक्ता’ एका अक्षराने कमी पडते. पण मुक्ताईच्या नावाला अक्षरे कोण मोजणार?)

आपल्या संप्रदायात संस्कृत सांगून मराठीत अर्थ करण्याची रीत ज्ञानोबारायांच्या ग्रंथापासून, शके १२१२ पासून, चालत आली आहे. घरातल्या मंडळींना श्लोक समजत नसतो. अर्थ सांगणारा जे म्हणेल, तेच त्यांच्यासाठी शास्त्र होते. आजीने नरक ऐकला, आणि तो वेदातला म्हणून ऐकला.

जेवणानंतर महाराजांशी ओसरीवर बोललो. त्यांनी चिडचिड केली नाही. खिशातली वही काढली, श्लोक पुन्हा वाचला, ‘नामा’वर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच बसले. मग उठून माजघरात गेले आणि आजीला म्हणाले, “आजी, मघाशी माझं चुकलं. श्लोकात नरक नाही. तुमची मुक्ता तुमच्या लेकाचा आत्माच आहे, असं त्यात आहे.” आजी म्हणाली, “मंग ते पुन्हा म्हणा, महाराज. तिच्या आईलेही ऐकू द्या.”