पाना खाली ठेवण्याची मुदत

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने विणाई खात्यातल्या आपल्या सुपरवायझरला दिलेलं दोन पानी पत्र समोर आहे. कारखान्याचं आणि माणसाचं नाव बाजूला ठेवतो. विषयाची ओळ साधी आहे: ‘पुढील बारा महिन्यांचा आपला विकास आराखडा’. जॉबर म्हणून कामाला लागलेल्या, आता एका पाळीचे माग सांभाळणाऱ्या या माणसाकडे कारखाना उद्याचा विणाई खातेप्रमुख म्हणून पाहतो आहे. अशी पत्रं बहुधा छापील साच्यातून येतात आणि नाव बदललं तर कुणालाही चालतात. हे पत्र दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, आणि त्याचा पहिला गुण तोच.

सुरुवातीचा परिच्छेद पाहा. त्यात ‘गुणवान’, ‘कर्तबगार’ असे शब्द नाहीत. आहे ती एक घटना: ‘एकाच ऑर्डरमधील टॉवेलांच्या वजनात फरक येत होता, तेव्हा आपण प्रत्येक बीमवरचा पहिला आणि शेवटचा टॉवेल वजन करून चिठ्ठी लावण्याची पद्धत सुरू केली.’ हे वाक्य कळायला टॉवेलचा माग थोडा समजून घ्यावा लागतो. टेरी टॉवेलला दोन बीम असतात, एक जमिनीच्या ताण्याचा आणि दुसरा पाइलचा. बाण्याचे दोन धागे फणी कापडापासून थोडं अंतर राखून मारते आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम पुढे ठोकते. त्या वेळी सैल सोडलेलं पाइलचं सूत उभं राहून त्याच्या कड्या होतात. जुन्या मागावर पाइलच्या बीमला दोरी आणि वजनं लावून ब्रेक दिलेला असतो. बीम भरलेला असताना ठीक चालतं. सूत संपत जाऊन बीम बारीक झाला आणि वजन तेवढंच राहिलं, की सुतावरचा ताण वाढतो, कड्या बुटक्या होतात आणि टॉवेल हलका पडतो. जाणता जॉबर वेळोवेळी वजन कमी करतो. रात्रपाळीत ते राहून जातं. या माणसाने चूक कुणाची ते शोधण्याआधी चूक कुठे सुरू होते ते शोधलं. पत्र लिहिणाऱ्याने नेमकी तीच गोष्ट उचलली आहे आणि तिच्यावर एकही विशेषण खर्च केलेलं नाही.

दुसरी खुबी अशी की पहिली शिक्षणाची गरज याच घटनेतून निघते. ‘वजनातील फरक रुपयांत मांडता यावा’ असं पत्र म्हणतं. त्यासाठी हिशेबाचा एखादा तयार कोर्स सुचवलेला नाही. तीन महिन्यांत एका ऑर्डरचं सुताचं हिशेबपत्रक त्याने स्वतः करायचं आणि कॉस्टिंगच्या माणसासमोर मांडायचं आहे. सोबत उदाहरणही आहे: ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ४०० जीएसएमचा टॉवेल म्हणजे ४५० ग्रॅम. तो चार टक्के जड गेला तर नगामागे १८ ग्रॅम, आणि १०,००० नगांच्या ऑर्डरला १८० किलो सूत जादा. मागाशी उभा राहून ज्याला फरक बोटांना कळतो, त्याला तो कागदावर दिसावा एवढंच इथे मागितलं आहे. शिकून काय करता येईल हे क्रियापदात सांगितलं, की तीन महिन्यांनी ते झालं की नाही हे दोघांनाही कळतं. ‘आर्थिक जाण वाढवावी’ असं लिहिलं असतं तर वर्षाअखेरीस नुसता वाद झाला असता.

मनुष्यबळ विकासाच्या वर्तुळात ७०-२०-१० हे सूत्र फार चालतं: शिकणं सत्तर टक्के प्रत्यक्ष कामातून, वीस टक्के माणसांकडून आणि दहा टक्के वर्गात. हे आकडे मोजून निघालेले नाहीत. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या अभ्यासात अधिकाऱ्यांनी आपण कसे शिकलो ते आठवून सांगितलं, त्याचा हा गोळाबेरीज आराखडा आहे. पत्र या सूत्राचं नाव घेत नाही, पण कल मात्र तोच राखतं. वर्ग एकच आहे, इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये थोड्या दिवसांचा, आणि तोही सहाव्या महिन्यानंतर, प्रश्न तयार झाल्यावर.

माझ्या मते पत्राचं काळीज दुसऱ्या गरजेत आहे. ‘माग अडला की आपण स्वतः पाना घेऊन धावता. पुढील सहा महिन्यांत ही सवय सोडणे अपेक्षित आहे. दोन जॉबरांना आपण तयार करावे आणि आपण नसलेल्या पाळीतही वजनाच्या चिठ्ठ्या भरलेल्या असाव्यात.’ ज्या हातांमुळे तो निवडला गेला, तेच हात मागे घ्यायला सांगणं अवघड असतं. बढती मिळालेले चांगले कारागीर इथेच फसतात: खात्याचे प्रमुख होतात आणि तरी खात्यातले सर्वांत महागडे जॉबर बनून राहतात. ते ओळखायची खूणही पत्राने देऊन ठेवली आहे, त्याच्या रजेच्या दिवशीच्या चिठ्ठ्या.

मार्गदर्शकाची निवडही विचारपूर्वक केली आहे. तो विणाईतला नाही, रंगाई-धुलाई खात्यातला आहे. मागावर निर्दोष दिसलेला टॉवेल तिथे पाण्यातून निघाल्यावर आपले दोष दाखवतो, म्हणून. भेट महिन्यातून दोनदा, पाऊण तास, खात्याबाहेर. पुढे दोन लहान वाक्यं येतात: ‘या भेटीतील बोलणे वार्षिक मूल्यमापनात येणार नाही. बोलण्याची भाषा आपण ठरवावी.’ पहिल्या वाक्याविना मार्गदर्शक हा दुसरा साहेब झाला असता. दुसरं वाक्य सोलापूरचं आहे. इथे घरी तेलुगू, बाजारात कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणारी माणसं एकाच मागाशी उभी असतात, आणि अडचण माणूस घरच्या भाषेतच नीट सांगतो.

वेळापत्रक मी भरभर वाचणार होतो, पण जानेवारीशी थांबलो. संक्रांतीच्या आसपासचे दिवस कोरे ठेवले आहेत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा या शहरात कुणाकडून आढाव्याचा कागद मागायचा नसतो. ज्याने हे वेळापत्रक आखलं त्याला पाळ्या आणि माणसं दोन्ही माहीत आहेत.

बढतीचं वचन पत्रात नाही, आणि ते नाही हे स्पष्ट लिहिलं आहे. कराराची अटही नाही. बडोदे सरकारने १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हा तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेतला होता. शिकून तो निघून जाईल, ही धाकधूक गुणी माणसावर खर्च करणाऱ्याला तेव्हापासून आजवर आहे. या कारखान्याने ती कागदावर आणली नाही. उलट शेवटी पाच रिकाम्या ओळी सोडून विचारलं आहे: ‘ही दिशा आपल्याला हवी आहे का? नसल्यास तसे लिहावे. सध्याच्या कामावर परिणाम होणार नाही.’ उत्तम जॉबर राहू इच्छिणाऱ्याला नकाराची वाट मोकळी ठेवणारं असं पत्र विरळाच.

उणिवा दोन दिसतात. तिसरी गरज, ‘इंग्रजी पत्रव्यवहार सुधारावा’, ही वरच्या दोन्हींच्या शेजारी फिकी वाटते. परदेशी ग्राहकाच्या एका तक्रारीला त्याने स्वतः उत्तर लिहावं, असं म्हटलं असतं तर तिलाही धार आली असती. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मार्गदर्शकाच्या भेटी, हिशेबपत्रक, इचलकरंजी, या साऱ्यासाठी त्याचे तास कुठून येणार ते पत्र सांगत नाही. त्या वेळी पाळी कोण सांभाळेल त्याचं नाव हवं होतं, आणि त्या नावाखाली विणाई व्यवस्थापकाची सही. ऑर्डर अंगावर आली की खातं आधी अशाच भेटी रद्द करतं, आणि ते अडवणारी ओळ या दोन पानांत कुठेच नाही.